मंडळापुढच्या दोन पायऱ्या

अर्धे मटार सोलून झाले, अर्धे परातीत तसेच, आणि वायरमनचे हात थांबले. उद्या दहाला वैद्यकीय मंडळापुढे हजर राहायचं. पत्र तोंडपाठ होतं, तरी त्यानं ते पुन्हा उघडलं.

खांबावरून पडल्याला आठ महिने झाले. मांडीच्या हाडात सळई घातली. आधी अंथरूण, मग वॉकर, मग काठी. हक्काची रजा संपली, तशी अर्ध्या पगाराची सुरू झाली. दर वेळी डॉक्टरांचा नवा दाखला जोडून वाढवलेली. शेवटच्या अर्जावर साहेबांनी शेरा मारला, मंडळाचा अभिप्राय घ्यावा. कायमचा अपात्र ठरलो तर नोकरीच जाणार, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुखण्याची गोळी दुप्पट घेतली आणि दवाखान्याच्या बाकावर काठी बायकोच्या हातात दिली.

"देवापुढे हात जोडून निघालो आपण," ती हळूच म्हणाली, "आणि आता नाटक करायला जाताय?"

"तू जप कर. चालायचं काम माझं."

आत तीन डॉक्टर होते. एक्स-रे उजेडात धरून झाला. दोन्ही मांड्या टेपनं मोजल्या. मोडलेली बोटभर बारीक भरली. गुडघा वाकवला, उठाबशा काढायला लावल्या. ओठ दाबून तो खोलीभर सरळ चालला. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला. तेवढ्यात बाईडॉक्टरांनी तपासणीच्या खाटेजवळचा दोन पायऱ्यांचं स्टूल दाखवलं. वर चढा म्हणाल्या, काही न धरता.

पहिली पायरी झाली. दुसरीवर फरशी एकदम खोल गेली. अंगाला दरदरून घाम फुटला, आणि त्यानं बाईंची बाही घट्ट धरली.

"पाय चढेल हो," तो कसाबसा म्हणाला. "मीच चढणार नाही. डोळे मिटले की मी अजून पडतोच आहे."

मग गोळ्या, काठी, सगळंच त्यानं सांगून टाकलं. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आम्हाला फसवलं असतंत, तर आमच्याच सहीनं खांबावर गेला असता."

उंचीवरच्या कामाला तूर्त अयोग्य, असं त्यांनी लिहिलं. रजा अजून दोन महिने वाढवावी, मानसोपचार घ्यावेत, मग फेरतपासणी. तेव्हा जमिनीवरच्या कामाचा विचार होईल. अहवाल बंद लिफाफ्यात परस्पर कार्यालयात जाणार होता.

नोकरी गेली नव्हती, राहिलीही नव्हती. बाहेर आल्यावर त्यानं बायकोकडून काठी मागून घेतली. तिनं त्याचा दुसरा हात धरला.

"खालच्या मजल्यावर बाराला खिडकी बंद होते," तो म्हणाला. "मानसोपचार विभागात नाव घालून येऊ."