तळहातावरचा फोटो

नगमाच्या दुकानात एक रीत होती. दुरुस्तीला आलेली वस्तू ती आधी हातात घेतच नसे. "थांबा, तुमच्याच तळहातावर ठेवा," असं म्हणून ती मोबाइलनं फोटो काढायची आणि मगच वस्तू आपल्याकडे ओढायची. ही रीत तिच्या वडिलांची. अय्युबमियाँ अकोल्यात रेडिओ दुरुस्त करायचे. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात असतानाच डोळे भरून पाहून घ्यायची, हे त्यांनी लेकीला शिकवलं होतं. लग्न होऊन ती अमरावतीला आली, इतवारा बाजाराजवळ मोबाइलचं दुकान टाकलं, आणि डोळ्यांच्या मदतीला कॅमेरा घेतला, एवढाच काय तो फरक.

कानात घालायच्या त्या पांढऱ्या इअरबड्सचं पेव फुटलं, तसं नगमाचं नाव शेजारच्या भातकुली तालुक्यापर्यंत गेलं. बोंडअळी आणि बोगस बियाण्यांच्या त्या वर्षांत लोक आधीच फसवणुकीला विटलेले. त्यात स्वस्तातले इअरबड्स अस्सल म्हणून गळ्यात मारणारे कमी नव्हते. मग लोक नगमाला फोटो पाठवायचे. दांडी किती लांब, डबीचं बिजागर कसं बसलंय, जाळ्या कुठं आहेत, यावरून कोणता नमुना आहे ते ती सांगायची. मग तो फोटो बोटांनी मोठा करायची. अक्षरं फिसकटलेली, सांधा जाड, जाळीच्या जागी नुसता काळा ठिपका रंगवलेला, असं काही दिसलं की कळवायची, "नकली आहे, घेऊ नका." फोटोत सगळं नीट दिसलं, तरी "अस्सल आहे" असं मात्र ती कधीच लिहीत नसे.

लोक चिडायचे. "अवो, डबी उघडली का फोनवर चित्र येते, नंबरबी कंपनीच्या साइटवर लागते!"

"चित्र नकलीचंबी येते," नगमा म्हणायची. "अन् नंबर अस्सलच्या डबीवरून उतरवून घेतला असंन तर लागणारच. फोटोवरून खोटं सांगता येते, खरं नाई. खऱ्यासाठी वस्तू हातात आली पायजे."

या बाबतीत तिला ताठा होता, आणि का नसावा? जिभेवर ताबा ठेवून तिनं ते नाव कमावलं होतं.

तर अशा या नगमाच्या दुकानात एका दुपारी, ऐन गर्दीत, आकांक्षा आली. भातकुलीच्या दुर्गाबाईंची ही लेक अमरावतीत राहून स्पर्धा परीक्षेचे क्लास करायची. लहान पोरांच्या शिकवण्या घेऊन पैसे जमवून तिनं स्वतः घेतलेले इअरबड्स काउंटरवर आपटले. मागं दुर्गाबाई होत्याच, पदर खोचून.

"नगमाताई, माहा डावा बड कुठं हाये?" आकांक्षानं सगळ्यांदेखत विचारलं.

नगमाला आठवलं. आठवड्यापूर्वी ही पोरगी आली होती. उजवा बोलतो, डावा मुकाच. नगमानं टोकं पुसली, डबीतले खाचे साफ केले, जोडणी पुसून नव्यानं जोडून पाहिली, पण डावा काही उजव्याशी जुळेना. शेवटी एक पैसा न घेता तिनं ते परत केले होते. "डावा गेला वाटते, सर्विस सेंटरले दाखव."

"दाखवला," आकांक्षा म्हणाली. "ते म्हणाले, डबी अन् उजवा आमचा, डावा डुप्लिकेट. तुमच्याशिवाय कोणाच्या हातात दिलाच नवता मी!"

कव्हर पाहत असलेल्या एका माणसानं ते हळूच खाली ठेवलं. ते ठेवणं नगमाला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. नकली ओळखणारी म्हणून जिचं नाव, तिनंच नकली घातला, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत भातकुलीला पोचली असती. मग कोण पाठवणार होतं तिला फोटो?

तिला राग आला, पण तो तिनं गिळला. मोबाइल काढला आणि त्या दिवशीचा फोटो शोधून काउंटरवर ठेवला.

"हा हात कोणाचा?"

फोटोत एक तळहात होता. ताज्या, गडद मेंदीचा मोर, आणि मोराच्या पाठीवर उघडी डबी, खुणेसाठी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलेली. शेजारी दोन बड. आकांक्षानं नकळत आपला हात उघडला. चुलतबहिणीच्या लग्नाची मेंदी फिकटली होती, पण मोर तोच होता.

"माहाच," ती म्हणाली.

नगमानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. "आता तूच पाह्य. उजव्याची जाळी पाह्य, आत बसवलेली तार चमकते. डाव्याले?"

"काळा ठिपका हाये नुसता."

"अन् सांधा?"

डाव्याच्या दांडीवर वरपासून खालपर्यंत जाड रेघ होती. उजव्यावर ती शोधूनही सापडेना. रंगसुद्धा वेगळा. उजवा वापरून किंचित पिवळसर झालेला, डावा निळसर कोरा. वस्तू नगमाच्या हाती येण्याआधीच, आकांक्षाच्या स्वतःच्या तळहातावर, तो नकली बड आरामात बसला होता.

"चूक माहीबी हाये," नगमा म्हणाली, आणि हे म्हणताना मात्र तिचा आवाज खाली आला. "फोटो काढला, पण गर्दीत पाह्यलाच नाई, अन् हातात घेऊनबी डाव्याकडं नीट ध्यान देल्लं नाई. तवाच सांगाले पायजे होतं मी."

आकांक्षाचे डोळे भरले. "मंग माहा डावा गेला कुठं?"

उत्तर दुर्गाबाईंच्या तोंडावर उमटलं होतं. कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला धाकटा पियुष बहिणीचे इअरबड्स कानात घालून मिरवत गेला होता. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पियुष, डावा कुठं पाडला रे?"

पलीकडून बारीक आवाज आला, "गर्दीत पडला, आई. ताई मारंन म्हणून तसाच दिसणारा एक घेऊन ठेवला."

कुणीतरी फसकन हसलं. दुर्गाबाई हसल्या नाहीत. लेकीनं जेवढ्या मोठ्यानं आरोप केला होता, त्याहून मोठ्यानं, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "नगमा, चोर आमच्या घरात निंगाला, माय. माफ कर." मग फोटोकडं बोट दाखवलं. "आमीबी बियाणं पेरलं का पिशवी, पावती अन् मूठभर दाणे ठेवतो. उगवलं नाई तं दाखवाले. तुहा फोटोबी तसाच हाये."

कव्हरवाल्या माणसानं कव्हर पुन्हा उचललं. आकांक्षानं नगमाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या दिवसापासून नगमानं रीतीत एक भर घातली. फोटो काढला की तो मोठा करून गिऱ्हाइकासोबत पाहायचा, आणि मगच वस्तूला हात लावायचा.

मृगात दुर्गाबाईंचा फोटो आला. राबलेल्या, भेगाळलेल्या तळहातावर औषध लावून रंगवलेले सरकीचे दाणे, शेजारी बियाण्याचं पाकीट. खाली आवाजी निरोप: "नगमा, पाहून सांग वो, अस्सल हाये का?"

नगमा खो खो हसली. "काकू, मी मोबाइलवाली. बियाण्यातलं मले काय समजते?"

उत्तर लगेच आलं. "समजत नाई तं समजत नाई म्हणतं तू, म्हणूनच तुले इचारलं. फोटो ठेव जपून. दुकानदाराच्या काउंटरवरच काढला, माह्या हातावर."

नगमानं तो फोटो मोठा करून शेवटच्या दाण्यापर्यंत नीट पाहिला आणि अकोल्याला अय्युबमियाँना पाठवला. खाली लिहिलं, "अब्बा, तुमची रीत आता शेतात गेली."