चारही कोपरे

रावेरच्या बसस्टँडसमोर, रसवंतीच्या शेजारी, सिताराताईचं ऑनलाइन सेंटर आहे. दुकान म्हणावं तर दुकान, नाहीतर दोन टेबलं, एक प्रिंटर आणि घरघरणारा कूलर. पण तालुक्यातल्या कोणाच्या मोबाईलवर परदेशातून काही कागद आला की तो आधी इथे येतो. कुवेतची नोटीस असो की जर्मनीच्या कॉलेजचं पत्र, सिताराताई त्याचं मराठी करून देते. आणि करण्याआधी समोरच्याला झापते. ते फुकट असतं.

झापण्याचं कारण ठरलेलं. माणूस फोन पुढे करतो, त्यात कागदाचा अर्धामुर्धा फोटो असतो. खालची ओळ कापलेली, वर अंगठ्याची सावली. ताई फोनला हातसुद्धा लावत नाही. "चारही कोपरे दाखवा. तीन कोपऱ्यांचा कागद मी वाचत नाही." कोणी हुज्जत घातलीच तर म्हणते, "भाऊ, मुदत नेमकी चौथ्या कोपऱ्यात बसलेली असते!"

पूर्ण फोटो मिळाला की ती त्याची प्रिंट काढते आणि ड्रॉवरमधून दोन मार्कर. गुलाबी मार्कर तारखेला, पिवळा लागणाऱ्या कागदांना. मोबाईलमधलं भाषांतराचं ॲप तीही वापरते, उगाच खोटं कशाला सांगा, पण ॲपला सगळ्या ओळी सारख्याच. आभाराची ओळही तेवढीच मोठी आणि व्हिसा नाकारण्याची ओळही तेवढीच. म्हणून ती मूळ कागदाशी एकेक ओळ ताडून बघते, आकडे दोनदा वाचते, आणि मराठी मजकुराच्या वर मोठ्या अक्षरात पहिली ओळ टाकते: अमुक तारखेच्या आत.

ही खोड तिला लागली नवऱ्यामुळे. नासीर ट्रॅक्टरचा मिस्तरी, हात सोन्याचा. दहा वर्षांपूर्वी त्याला दुबईचा एंट्री परमिट आला होता. एजंटने फोटो पाठवला तो खालून कापलेला. साठ दिवस एवढं दिसत होतं. परमिट निघाल्यापासून साठ दिवसांत त्या देशात पाऊल ठेवायचं, हे वाक्य कापलं गेलं होतं. नासीरला वाटलं, पोहोचल्यावर साठ दिवस मोजतील. बहिणीचं लग्न उरकून तो चौसष्टाव्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर उभा राहिला, आणि तिथूनच परत आला. आता तो म्हणतो, बरं झालं, तिकडे केळी कुठे आहेत. सिताराला ते कधी पटलं नाही. त्याची बॅग तिनेच भरली होती आणि तिनेच उपसली.

तर मे महिन्यातल्या एका सोमवारी, चार तारखेला, पंडित नाना पेढे घेऊन दुकानात आले. नाना म्हणजे जवळच्या गावचे केळीवाले, पांढरी टोपी, आवाज असा की शेजारचा रसवाला ग्लास भरायचा थांबतो. मागे रत्नाअक्का, डोक्यावर पदर, हातात पिशवी. त्यांची एकुलती एक लेक हेमांगी कॅनडात. जुलैअखेर तिचं बाळंतपण. दोघांनी व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला होता, मार्चमध्ये पुण्याला जाऊन बोटांचे ठसेही देऊन आले होते.

"पोरी, तोंड गोड कर! व्हिसा आला. आता तिकीट काढून दे, खिडकीजवळचं," नाना म्हणाले.

"अरे वा! दाखवा बघू."

नानांनी मोठ्या ऐटीत फोन पुढे केला. सितारा बघतच राहिली. फोनमध्ये व्हिसा नव्हता, फ्लेक्स होता! गावच्या चौकात लावलेला, दहा बाय पंधराचा. 'पंडित नाना व सौ. रत्नाअक्का यांना कॅनडाचा व्हिसा मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त मित्र परिवार.' मधोमध दोघांचे हार घातलेले फोटो, मागे विमान, आणि विमानाच्या पंखाखाली त्या देशाचं पत्र जसंच्या तसं छापलेलं. पत्राच्या खालच्या अर्ध्यावर सोसायटीचे चेअरमन धनसिंग हात जोडून उभे.

"हे कोणी केलं?"

"आपला कुंदन. पुतण्या. अर्ज त्यानेच भरला ना, त्याच्याच मेलवर पत्र आलं. त्याने ग्रुपवर टाकलं, लोकांनी फुलं टाकली, मग फ्लेक्स झाला. तीन आठवडे झाले. एके काळी एसटीचं तिकीटसुद्धा वाचता येत नव्हतं आम्हाला! पेढे खा."

सिताराने पेढा हातात धरला, खाल्ला नाही. चेअरमनच्या डोक्यावरच्या चार ओळी मोठ्या करून तिने वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

"नाना, बसा. अक्का, तुम्हीही बसा. यात मंजूर झालं असं कुठेच लिहिलेलं नाही. अर्ज तपासतोय, पण आणखी कागद लागतील, असं लिहिलंय. पुढचं..." ती फोनकडे बघत म्हणाली, "पुढचं धनसिंग भाऊंच्या खाली आहे."

नानांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हंजे व्हिसा नाही?"

"अजून नाही. पत्राची तारीख नऊ एप्रिल दिसते. मुदत दिसत नाही. कुंदनला फोन लावा, आणि सांगा, मूळ पत्र पाठव. चारही कोपरे!"

कुंदन केळीच्या ट्रकमागे होता. आधी म्हणाला, ताई, फ्लेक्सवर आहे की सगळं. मग सिताराने त्याला तो नेमका काय आहे ते दोन वाक्यांत सांगितलं, ती वाक्यं इथे लिहिण्यासारखी नाहीत. पाच मिनिटांत स्क्रीनशॉट आला.

प्रिंट निघाली. गुलाबी मार्करचं टोपण उघडलं. पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांत कागद ऑनलाइन खात्यात चढवा. नाही चढवले तर आहे त्या माहितीवर निर्णय होईल, अर्ज नाकारलाही जाईल. सिताराने बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं.

"नऊ मे. शनिवार, तोही दुसरा, कचेऱ्या बंद. आणि तिकडची घड्याळं वेगळी, शेवटच्या दिवसावर मी विसंबत नाही. आपली मुदत गुरुवार."

"तीन दिवस?" रत्नाअक्का ताडकन उठून उभ्या राहिल्या. "तीन आठवडे तो कागद चौकात टांगला होता, सितारा. मी येताजाता त्याला नमस्कार करत होते." आणि त्या रडायलाच लागल्या. "पोरगी तिकडे एकटी शे ना गं. जावई रात्रपाळीला. तिला कोण बघील?"

अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. जीव कासावीस झाला की तोंडात 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' येतो. सिताराला नासीरची भरलेली बॅग आठवली. पण तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि पिवळा मार्कर उचलला. रडायला गुरुवारनंतर वेळ होता.

पिवळ्या रेघा पाच निघाल्या. हेमांगीचं निमंत्रणपत्र. तिच्या नोकरीचा आणि पगाराचा पुरावा. नानांच्या बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. शेतीचा पुरावा. आणि हेमांगी ह्यांचीच मुलगी, याचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. खाली बारीक अक्षरात एक ओळ: इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या कागदासोबत भाषांतर, मूळ कागदाची प्रत आणि भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. त्या ओळीवर सिताराने दोन्ही रंग मारले.

पुढचे दोन दिवस काही विचारू नका. हेमांगीने तिकडून दोन कागद पाठवले. बँकेने स्टेटमेंट दिलं. सातबारा मिळाला. जन्मदाखला ट्रंकेत निघाला, तीस वर्षांपूर्वीचा, ग्रामसेवकाच्या हस्ताक्षरातला, घडीवर विरलेला. सिताराने तो आणि सातबारा शब्दन् शब्द इंग्रजीत केला, शिक्क्यातला मजकूरसुद्धा सोडला नाही. जिरायत, बागायत, पोटखराबा! पोटखराब्यावर, म्हणजे लागवडीत न येणाऱ्या तुकड्यावर, तिने अर्धा तास घालवला आणि नासीरला दोनदा चहा करायला लावला.

बुधवारी दुपारी सगळे रतिलाल वकिलांकडे गेले, नोटरीसाठी. सिताराने प्रतिज्ञापत्र पुढे ठेवलं: मला मराठी आणि इंग्रजी उत्तम येतं, हे भाषांतर बिनचूक आहे. वकिलांनी चष्मा लावला आणि सहज विचारलं, "तुमचं यांच्याशी नातं काय?"

"लेक शे माझी," अक्का म्हणाल्या.

"हो, माझी लेकच ती!" नाना गरजले. "दुसरी लेक. लिहा."

वकिलांचा हात शिक्क्यावरून मागे आला.

"नाही हो वकीलसाहेब!" सितारा जवळजवळ ओरडलीच. "मी यांची कोणी नाही. मी शेख, हे पाटील. काहीच नातं नाही."

नानांचा चेहरा असा उतरला की बघवेना. "असं कसं म्हणतेस, पोरी? ईदला तुझ्या घरी मी येत नाही का? अक्काच्या हातची पुरणपोळी तुझ्याकडे जात नाही का?"

"नाना, घरच्या माणसाने केलेलं भाषांतर त्यांना चालत नाही. नियम आहे. मी तुमची लेक असले तर हा कागद फुकट. शनिवारपर्यंत तरी मी तुमची कोणी नाही."

नाना वकिलांकडे न बघता म्हणाले, "कोणी नाही. मारा शिक्का." शिक्का पडला. तिची वाट न बघता ते बाहेर पडले, आणि खरं सांगायचं तर सितारालाही ते लागलं. तिने स्कूटरची किल्ली दोनदा खाली पाडली.

गुरुवारी अकरा वाजता कुंदन पासवर्ड घेऊन हजर झाला, मान खाली घालून. कागद चढले. समोर पोच आली, सिताराने तिचीही प्रिंट काढली, चारही कोपऱ्यांसकट. तेव्हा कुठे तिने सोमवारचा पेढा तोंडात टाकला. तो एव्हाना दगड झाला होता.

जूनच्या मध्यावर पासपोर्ट जमा करण्याचं पत्र आलं. कुंदनने ते ग्रुपवर टाकलं नाही, थेट दुकानात आणलं. पुन्हा गुलाबी, पुन्हा पिवळा, पुन्हा पुणे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्टवर व्हिसा चिकटून आला, आणि दहा तारखेला नाना-अक्का विमानात बसले. खिडकीजवळच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सितारा दुकान उघडायला आली तर स्टँडसमोर गर्दी. नवा फ्लेक्स! या वेळी विमान नाही, चेअरमन नाहीत, हार नाहीत. मधोमध एप्रिलचं ते पत्र, अख्खं, मुदतीवर गुलाबी रेघ. खाली मोठ्या अक्षरात:

'आमची कोणीही नसलेली सिताराताई हिचे जाहीर आभार. शुभेच्छुक: तिचे कोणीही नसलेले पंडित नाना व रत्नाअक्का.'

"कुंदनला आज मी सोडत नाही," सितारा म्हणाली. "लोकांचा कागद असा चौकात टांगतात का?" नासीर शेजारी उभा होता, तो हसत होता. ती मात्र भर उन्हात तशीच उभी राहिली, आणि फ्लेक्सचे चारही कोपरे नीट बांधलेत की नाही ते एकेक करून बघत राहिली.