आठ जीबीत आम्ही दोघी

आमच्या घरात लॅपटॉप एकच आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या बहिणी दोन. मी बीडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. धाकटी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. तिला गेम खेळायचे असतात, तेही साधेसुधे नाहीत. डोंगर, जंगलं, पाण्यावरची झळाळी, चिलखतावरचा गंजसुद्धा दिसणारे. मला त्या दिवसांत हवं होतं वेगळंच. युसूफ वडगावकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची गाणी मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली होती, ती ऐकून लिहून काढणारं एआय.

इंटरनेटवर तसलं फुकटात मिळतं हे मलाही माहीत होतं. पण गाणी देताना बायकांनी एक अट घातली होती. "आमचा आवाज भायेर जायचा न्हाई. गाण्यात आमी कुनाकुनाला शिव्या घातल्यात, ते तुला म्हाईत हाय." मी शब्द दिला होता. त्यामुळे जे काय चालवायचं ते आपल्याच मशीनवर, नेट बंद करून.

वर्गणी काढून दोघींनी जुना गेमिंग लॅपटॉप घेतला. विकणाऱ्यानं आम्हाला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं होतं, "बघा, ग्राफिक्स मेमरी बारा जीबी." आम्ही खूश. घरी आल्यावर धाकटीनं गेम लावला तर त्यातला घोडा दर चार पावलांना थबकायचा आणि समोरची भिंत चिखलानं सारवल्यासारखी दिसायची. मग मी माझं एआय मॉडेल लावलं. ते एकेक शब्द असं टाकायचं, जणू दळण पाखडतंय.

बसस्टँडजवळ लॅपटॉप दुरुस्त करणारे एक भाई आहेत. घरचा धंदा मोटार रिवायंडिंगचा, हे लॅपटॉपकडे वळले. त्यांनी लॅपटॉप उघडला, कशानं किती मेमरी घेतलीय ते दाखवणारा टास्क मॅनेजर लावला आणि बारा जीबीच्या खालच्या दोन ओळी आम्हाला वाचायला लावल्या. एका ओळीत 'डेडिकेटेड' चार, दुसरीत 'शेअर्ड' आठ.

"ताई, ग्राफिक्स कार्डाची सोताची मेमरी चारच हाय," भाई म्हणाले. "हे आठ म्हंजी लॅपटॉपची साधी रॅम. कार्डाला जागा कमी पडली तर तिथं सामान ठेवतंय. पन ती रॅम कार्डाच्या मेमरीपेक्षा लई स्लो. म्हनून घोडा थांबतोय."

"मग रॅम वाढवून द्या ना," मी म्हणाले.

"देतो की. पन त्यानं शेअर्डचा आकडा वाढंल, घोडा न्हाई पळायचा. कार्डाची मेमरी बोर्डावरच डाग मारून बसवलेली असती. लॅपटॉपमधी ती वाढवता येत न्हाई."

भाई म्हणजे खपेल ते विकणारा माणूस नव्हता, हे तिथंच कळलं. आम्हाला लॅपटॉप विकणारा दुकानदार आधी कुरकुरला, पण भाईंनी फोनवर त्याला त्या दोन ओळी वाचून दाखवल्यावर अदलाबदलीला तयार झाला. आता भाईंच्या टेबलावर दोन लॅपटॉप आले. एक नवीन पिढीच्या चिपचा, पण कार्डाची मेमरी सहा जीबी. दुसरा आधीच्या पिढीचा, जाडजूड, पंखा पिठाच्या गिरणीसारखा, पण मेमरी आठ.

धाकटीनं नवा धरला. "आक्का, ह्याची चिप फास्ट हाय."

"माझं मॉडेल?"

"तुझं मॉडेल, तुझं मॉडेल! गानी तर लिहायचीत, हातानं लिही की."

भाईंनी वाद मिटवायला दोन्हींवर तिचा गेम लावला. टेक्श्चर सगळ्यात वरच्या पातळीवर. टेक्श्चर म्हणजे भिंती, कपडे, दगड यांच्यावरची कातडी. ती सगळी कार्डाच्या मेमरीत भरावी लागते आणि तीच जास्त जागा खाते. नव्या लॅपटॉपवर पहिली पाच मिनिटं घोडा वाऱ्यासारखा पळाला. गाव आलं तशी सहा जीबी भरली आणि घोडा पुन्हा ठेचकाळायला लागला. टेक्श्चर खाली आणलं की सुरळीत पळायचा, पण मग भिंती सपाट. जुन्यावर वेग जरा कमी, पण गावातसुद्धा एकसारखा.

मग माझी पाळी. गाण्यांतल्या शब्दांची यादी करायला प्रश्नोत्तरं करणारं एक मॉडेल भाईंनी उतरवलं. ते मूळ रूपात सोळा जीबीच्या आसपास भरतं, पण त्यातले आकडे कमी बारकाईनं साठवले की पाचेक जीबीत बसतं. अक्कल थोडी कमी होते, पण काम भागतं. वर आपण दिलेला मजकूर जसा लांबेल तशी आणखी जागा लागते. सहा जीबीत ते जेमतेम मावलं आणि मी टाइप केलेलं लांबलचक गाणं दिल्यावर पेंगायला लागलं. आठमध्ये भराभर लिहीत गेलं.

धाकटीनं नवा लॅपटॉप भाईंकडे सरकवला. मग म्हणाली, "जाडा घेऊ. पन रविवारी सकाळी माझा."

तसं ठरलं. महिनाभर सुखात गेला. आवाज ऐकून लिहिणारं मॉडेल आधी चालवायचं, ते बंद करायचं, मग शब्दांची यादी करणारं दुसरं लावायचं. दोन्ही एकदम लावली तर आठ जीबी पुरत नाहीत, एवढं मीही शिकले.

बायका दिवाळीनंतर तोडीला जाणार होत्या. त्याआधी उरलेली गाणी त्यांच्यासमोर लिहून काढून चुका सुधारून घ्यायच्या होत्या. एका रविवारी दुपारी धाकटीकडून लॅपटॉप घेतला, तसाच झाकून पिशवीत टाकला आणि युसूफ वडगावची गाडी धरली.

समाजमंदिरात सतरंजी टाकली होती. लाइट होती. बारा-तेरा बायका जमल्या. मी त्यांच्यादेखत नेट बंद केलं, चार्जर लावला, पहिलं रेकॉर्डिंग दिलं आणि ऐटीत म्हणाले, "आता बघा."

काहीच झालं नाही. पंखा गरगरत राहिला. बऱ्याच वेळानं एक शब्द उमटला, मग पुन्हा शांतता.

"कावून गं, झोपलं का तुझं मशीन?" पुढं बसलेल्या म्हातारीनं विचारलं.

भाईंनी शिकवल्याप्रमाणे टास्क मॅनेजर उघडला. आठपैकी साडेसात जीबी भरलेली. एवढं माझं मॉडेल खात नाही. खालची यादी बघितली तर सगळ्यात वर धाकटीचा गेम.

फोन लावला. "तू गेम बंद केला नव्हतास?"

"पॉज केलता," ती म्हणाली. "खाली घेऊन ठेवलाय."

"अगं, पॉज केला तरी त्यानं मेमरी अडवून धरलीय. मी बंद करतेय."

"आक्का, न्हाई!" ती एवढ्या जोरात ओरडली की म्हातारीलाही ऐकू गेलं. "तीन तास लढून राक्षस मारलाय. सेव्ह व्हायचंय आजून. शेकोटीपाशी गेल्याबिगर सेव्ह होत न्हाई. आता बंद केलंस तर सगळं गेलं माझं."

"काय झालं?" बायका विचारायला लागल्या. मी जे होतं ते सांगितलं, की बहिणीची तीन तासांची मेहनत आत अडकलीय, ती शेकोटीपर्यंत नेली तर वाचेल, नाही तर जाईल.

मला वाटलं, हसतील. एकदम सगळ्या गंभीर झाल्या. "तीन तासांची मेहनत कशी घालवायची? ने की शेकोटीपर्यंत," एकजण म्हणाली.

मी आयुष्यात गेम खेळले नव्हते. मॉडेल बंद करून तो उघडला तर एक चिलखतवाली बाई गुहेत उभी. धाकटी फोनच्या स्पीकरवरून सांगायला लागली, "डब्ल्यू दाबलं की फुडं. माउसनं मान वळव." मी डब्ल्यू दाबलं आणि चिलखतवाली सरळ भिंतीला जाऊन धडकली. पुन्हा दाबलं, पुन्हा भिंत.

"उजवीकडं वळ की गं!" चारजणी एकदम.

शेवटी एक तिशीतली बाई सरकून माझ्या शेजारी आली. तोडीच्या तळावर ती बैलगाडी हाकते, हे मला तिच्या गाण्यातूनच माहीत होतं. "आदी मान वळवायची, मंग हाकायचं," ती म्हणाली. "तू मान वळव. हाकते मी."

माउस माझ्याकडे, डब्ल्यू तिच्याकडे. अशा आम्ही निघालो. एका वळणावर दोन लांडगे दिसले. तिनं बोट उचललं, चिलखतवाली थांबली. कुणी श्वास घेईना. लांडगे पलीकडे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आता." गुहेच्या तोंडाशी शेकोटी दिसली तसा समाजमंदिरात असा गलका झाला की रस्त्यावरचे दोघे-तिघे डोकावून गेले. शेकोटीपाशी बसल्यावर सेव्ह झाल्याची खूण आली. धाकटीनं फोनवरून सगळ्यांना "थँक्यू मावशी" म्हटलं आणि मी गेम बंद केला.

साडेसातचा आकडा झपकन एकच्या खाली आला. मॉडेल पुन्हा लावलं. गाणं सुरू झालं आणि आवाजाच्या पुढं अक्षरं पळायला लागली. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचत गेले.

पाचटाची माझी कॉपी, वारा फटीतून येई,
झोळीतल्या लेकराला पदर मी माझा देई.

"कॉपी?" गाडी हाकणारी फिस्सकन हसली. "परीक्षेतली का? अगं, कोपी! कोपी म्हंजी आमचं तळावरलं उसाच्या पाल्याचं खोपटं."

मशीनला ऊसतोडीतली कोपी ऐकायला कुठून मिळणार? मी दुरुस्त केलं. मग बायकांना चेवच चढला. एका ओळीत 'मोळी'ची 'पोळी' झाली होती, दुसरीत मुकादमाचा मुकदमा. त्या चुका पकडत गेल्या, मी सुधारत गेले. संध्याकाळपर्यंत सोळा गाणी झाली.

उठायच्या वेळी मघाची म्हातारी जवळ आली. तिचं गाणं मी वाचलं होतं, त्यात तिनं जावेला नाव घेऊन झोडपलं होतं.

"ते माझं काढून टाक," ती म्हणाली. "जाऊ आता ऱ्हायली न्हाई."

"लिहिलेलं काढू, का आवाजही?"

"लिवलेलं काढ. आवाज..." तिनं पदर सारखा केला. "आवाज मला मोबाइलमधी घालून दे. कवातरी आयकंन."

मी तिच्यासमोर लिहिलेलं पुसलं, रेकॉर्डिंग नातवाच्या जुन्या मोबाइलमध्ये केबलनं टाकून दिलं आणि माझ्याकडची प्रतही काढून टाकली. तिनं तिथंच उभं राहून ते एकदा कानाला लावलं. शिवी आली तशी ती दात नसलेल्या तोंडानं खुदकन हसली आणि घराकडं चालू लागली.