मोठा आकडा आधी

आमच्या रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममधल्या मावशी वेळ सांगताना कधीच एक आकडा देत नाहीत. मोठा आधी, लहान नंतर. घाबरलेला माणूस नेमका लहान आकडा धरून बसतो आणि मावशींचं डोकं फिरतं ते त्यानेच.

आज फोनवर त्यांचीच लेक होती. "आई, बाबांना जास्तच धाप लागलीय! गाडी कधी येईल?"

"पूल तुंबला असेल तर चाळीस मिनिटं, मोकळा मिळाला तर पंधरा."

"एकच काय ते सांग ना!"

"चाळीस धर. सिलिंडरमधला ऑक्सिजन किती पुरेल?"

"जेमतेम अर्धा तास."

"मग शेजारच्या आजोबांचा जादा सिलिंडर आत्ताच आण. पळ!"

फोन ठेवला तेव्हा मावशी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. माझं मनगट घट्ट धरून त्यांनी विचारलं, "पंधरा मिनिटांतच पोचेल ना गं?"