फोटो अजून आलेला नाही

आमच्या मालकांना साखर आहे हे अख्ख्या म्हसवडला ठाऊक होतं, फक्त त्यांना मान्य नव्हतं. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. गोळी लागली तर मान्य करेल, साखर कशी करेल? उन्हात अनवाणी देवळाला गेले, तापलेल्या फरशीनं तळवा आणि अंगठा भाजला आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी मोज्याला पाणी लागलं तेव्हा मी पाहिलं.

दवाखान्याचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांच्या फोनवर प्रश्न विचारायचं एक अ‍ॅप होतं, त्यावर ते हवामानापासून पेन्शनपर्यंत सगळं विचारायचे. त्यालाच त्यांनी लिहिलं, ‘पुढे पायाचा फोटो पाठवतोय, बघून सांग.’ मग फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं. ते त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, ‘फोटोबद्दल धन्यवाद. जखम वरवरची दिसते. कोमट पाण्याने स्वच्छ करा, काळजीचं कारण नाही.’

“बघ. किरकोळ हाय म्हणतंय. तुजं आपलं कायतरीच.”

हळद लावायची आणि फडकं बांधायचं, असा आठवडा गेला. मग घरात वास यायला लागला. आधी मला वाटलं उंदीर मेलाय. माळ्यावर शोधलं, चुलीमागं शोधलं. वास कॉटजवळ जास्त येत होता आणि मला कळून चुकलं.

दुपारी ते झोपलेले असताना मी फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता. मी फोटो काढला. लेकीनं माझ्या फोनवर दुसरं एक अ‍ॅप घालून दिलं होतं. फोटो पाठवायच्या आधी मी त्याला लिहिलं, ‘आता एक फोटो येईल. मालकांच्या पायाचा आहे, बघवत नाही, घाबरू नको. त्यांना साखर आहे. अंगठा काळा पडलाय, वास येतोय.’ मशीनला घाबरू नको म्हणणारी बाई मीच. खरं तर ते मी स्वतःलाच सांगत होते. उत्तर आलं:

‘पाठवा, चालेल. फोटो अजून माझ्याकडे आलेला नाही, त्यामुळे जखम कशी दिसते हे मी आत्ता सांगू शकत नाही. पण साखर, काळा अंगठा आणि वास, एवढं तुम्ही लिहिलंय तेच आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जायला पुरेसं आहे. फोटोसाठी थांबू नका. त्यांना ताप किंवा थंडी आहे का?’

त्यांच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

पण माझ्या मनात दुसरंच घुसलं होतं. ‘अजून आलेला नाही.’ यानं न बघता सांगायला नकार दिला. मग मालकांच्या अ‍ॅपनं काय बघून सांगितलं होतं? उशाचा त्यांचा फोन उघडून जुनं बोलणं वर सरकवलं. फोटोवर लाल खूण होती आणि खाली लिहिलं होतं, ‘पाठवता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ आमच्याकडची रेंज ही अशी. अक्षरं गेली आणि फोटो अडकला. फोटो येणार एवढ्या निरोपावर त्या शहाण्यानं जखम किरकोळ ठरवली होती.

मी त्यांना हलवून जागं केलं. “आवं, उठा. तुमचा फोटो गेलाच न्हाई. ही लाल खूण बघा.”

त्यांनी फोन डोळ्यांपाशी धरला.

“म्हंजी त्यानं पाय बघितलाच न्हाई?”

“न्हाई.”

“आन् न बघता रिपोर्ट दिला?” आवाज एकदम फौजेतला झाला. “पोस्टवर न जाता ‘सब ठीक’ कळवणाऱ्याला आमी सोडत नव्हतो.” मग माझा फोन मागून दुसरं उत्तर वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. “ह्यो खरा पहारेकरी. दिसलं न्हाई तर दिसलं न्हाई म्हणतोय. गाडी बोलव.”

शेजारच्या जीपमधून सांगलीला निघालो. विट्यापर्यंत ते बोलत होते, पुढं अंगात थंडी भरली आणि दात वाजायला लागले. मी त्यांचा पाय मांडीवर धरून बसले होते आणि जितके देव आठवतील तितक्यांना हाक मारत होते. मला एवढी भीती बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं आणि नर्सला हाक मारली. अंगठा काढावा लागेल म्हणाल्या, पाऊल वाचेल का ते उद्या कळेल. “इतके दिवस काय करत होता? कुणालाच दाखवलं नाही?”

मला वाटलं, मालक आता त्या अ‍ॅपला शिव्या घालतील.

“न्हाई बाई,” ते म्हणाले, “कुणालाच न्हाई.” आणि माझा हात धरून रडायला लागले.