खोडलेली किंमत

महापेच्या ऑफिसात मी शाळकरी मुलांचे विज्ञान-संच विकणारी वेबसाइट सांभाळायचो. पाण्याच्या सूत्रातला दोन 'सब'ने खाली, घनाचा तीन 'सप'ने वर, जुनी किंमत 'डेल'ने खोडलेली, नवी 'इन्स'मध्ये. वेबपान लिहिताना वापरायच्या या खुणांच्या, म्हणजे टॅगच्या बाबतीत मी भलताच काटेकोर.

एकदा एका अंध गृहस्थांचा फोन आला. त्यांना मुलीसाठी संच हवा होता. "माझा कॉम्प्युटर पान वाचून दाखवतो. तो नुसतं अठराशे, नऊशे नव्याण्णव म्हणतो. यातली खरी किंमत कुठली?"

मी ओशाळलो. खोडल्याची रेघ त्यांना ऐकूच आली नव्हती. मी लगेच दोन्ही टॅगांत डोळ्यांना न दिसणारे, फक्त वाचून दाखवले जाणारे शब्द घातले: 'आधीची किंमत', 'आताची किंमत'.

त्यांनी पान पुन्हा ऐकलं. "वा! म्हणजे आधी अठराशेला होता. मुलीला सांगतो, बाबाने आठशे वाचवले. थँक्यू हं."

"वेलकम, सर," मी म्हणालो.

तो संच आम्ही अठराशेला एकदाही विकला नव्हता. साहेबांनी सांगितलं, मी आकडा टाकला आणि खोडला. बाकीच्यांना नुसती रेघ दिसायची. या एका माणसाला मी ते खोटं शब्दांत लिहून दिलं.