सर्वांसाठी काढलेलं परिपत्रक

धाराशिवच्या त्या कॉलेजात जलीलभाईंनी सत्तावीस वर्षं कागद काळे केले. हेडक्लार्क म्हणून प्राचार्यांचा राग कुठल्या कागदात किती उतरवायचा, हे त्यांना नेमकं ठाऊक. परिपत्रकात 'सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते' म्हणायचं आणि नियम सांगून थांबायचं, बोट कुणाकडंच दाखवायचं नाही. विभागप्रमुखाला पत्र लिहिताना मात्र तारीख, वेळ, घटना सगळं स्पष्ट, पण भाषा अदबीची, आणि शेवटी 'आपला खुलासा तीन दिवसांत सादर करावा'. समोरच्याला बोलायला जागा ठेवायची.

प्रयोगशाळेतली कंत्राटी परिचर उम्मेहानी रोज साडेचारला निघते, अशी कुणीतरी प्राचार्यांकडं चुगली केली. खरं तर ती सकाळी तासभर आधी येऊन प्रयोगशाळा उघडायची. त्या बदल्यात लवकर जायला विभागप्रमुख हिंमतराव सरांचीच परवानगी होती, फक्त तोंडी. घरी आई हुसेनबी अंथरुणाला खिळलेली, आणि शेजारीण पाचपर्यंतच थांबायची.

जलीलभाईंनी हिंमतरावांच्या नावानं पत्र तयार केलं. खुलासा आला की परवानगी कागदावर येणार, पोरगी सुटणार, असा त्यांचा हिशोब.

प्राचार्यांनी पत्र बाजूला सारलं. "हिंमतराव संस्थेच्या अध्यक्षांचे मेहुणे आहेत, माहीत आहे ना? परिपत्रक काढा. आणि जरा कडक लिहा."

"सर, परिपत्रकाला कुणी खुलासा देत न्हाय."

"म्हणूनच तर!"

भित्र्या माणसाला सगळ्यांवर एकदम ओरडायला लई सोपं जातं. परिपत्रक निघालं: 'प्रयोगशाळेतील काही कर्मचारी बेजबाबदारपणे वेळेपूर्वी निघून जातात. यापुढे गय केली जाणार नाही.' नाव नव्हतं, पण कॉलेजात लहानथोर सगळ्यांनी उम्मेहानीकडंच पाहिलं. हिंमतरावांनी वाचल्याची सही केली आणि चहा मागवला. ती विचारायला गेली तर म्हणाले, "माझ्या हातात काय न्हाय, बाई. वरून परिपत्रक आलंय."

मग ती जलीलभाईंच्या टेबलापाशी आली. "चाचा, तुमाला तर सगळं माहीत व्हतं."

"बेटी, ते सगळ्यांसाठी हाय. तुझ्या एकटीसाठी न्हाय."

बोलून झालं आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. ती निघून गेली. आईला एकटं टाकणं तिला जमणारच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ती साडेचारलाच निघाली.

महिनाअखेर तिचं कंत्राट न वाढवण्याचं पत्र निघालं, तेही जलीलभाईंनीच टाइप केलं. त्यात सर्व कर्मचारी नव्हते, काही कर्मचारी नव्हते. तिचं पूर्ण नाव होतं, पत्ता होता, आणि 'सूचना देऊनही' असे शब्द होते. खुलासा मागणारी ओळ तेवढी नव्हती. जलीलभाईंनी जावक क्रमांक टाकला आणि पत्र तिच्या हातात द्यायला स्वतः उठले.